बोटाएवढी चांदी

आमच्या धंद्यात 'जुनं' हा शब्द तोंडातून काढायला वेळ लागतो. 'नवं' पटकन म्हणता येतं, कारण नव्याचा एखादा तरी पुरावा डोळ्यांत खुपतोच. जुनं म्हणायचं तर एकही खुपता कामा नये. हे मला तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे माझे वडील. बिदरीच्या भांड्यांचं दुकान त्यांचं. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेली, काळी केलेली, चांदी ठोकून बसवलेली हुक्क्याची भांडी, तबकं, पानाचे डबे, सुरया. विकत घ्यायला येणाऱ्यांपेक्षा विचारायला येणारे जास्त. भांडं टेबलावर ठेवायचे आणि तात्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे, जसे डॉक्टरांपुढे बसतात.

दुकानाच्या मागच्या खोलीत दादा बसायचा. माझा थोरला भाऊ. निघालेली चांदी बसवणं, पोचे काढणं, फिका पडलेला काळा रंग परत चढवणं, ही सगळी त्याची कामं. मी पुढच्या टेबलाशी तात्यांच्या शेजारी, तो मागे नवसागराच्या वासात. तरुणपणी चांदीचा पत्रा कापताना कात्रीखाली त्याचं उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून गेलं. तरी त्याच्यासारखी चांदी बसवणारा मी दुसरा पाहिला नाही. तात्यांनी मात्र त्याला कधी 'छान' म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणायचे, "दुरुस्ती दिसली नाही म्हणजे झालं." आता दिसतच नसेल तर कौतुक कोणी आणि कशाचं करायचं!

तिसरे पेटीकाका. ते नात्याचे नाहीत, पण नात्यातल्यांपेक्षा घरचे. परदेशी जाणाऱ्या मालासाठी लाकडी पेट्या बनवायच्या, माल पेंढ्यात बसवून पाठवायचा, हा त्यांचा उद्योग. तात्यांचे शाळेपासूनचे मित्र. एकटा जीव, लग्न केलं नाही. त्यांच्या शेडमध्ये भुश्याचा वास, दम्याचा पंप आणि खिडकीत एक बिदरी तबक. ते तबक तात्यांनी त्यांना फार वर्षांपूर्वी दिलं होतं. "जुनं आहे, जपून वापर," असं सांगून. काकांनी जपून म्हणजे किती जपावं? रोज त्यावर चहाचा पेला ठेवायचा आणि रोज धोतराच्या सोग्याने पुसून परत खिडकीत उभं करायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, "हे जुनं आहे बरं का. तात्याने सांगितलंय."

तर या पेटीकाकांना एके दिवशी कस्टमच्या लोकांनी उचलून बंदराच्या गोदामात नेलं.

झालं होतं असं. त्यांनी भरलेल्या एका पेटीत हुक्क्याचं एक भांडं निघालं. कागदावर 'नवीन हस्तकला' लिहिलेलं. तपासणाऱ्या साहेबांना ते नवं वाटेना. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची म्हणजे सरळ तुरुंग, आणि पेटीवर सही काकांची. माल ज्या दलालाने दिला तो फोन बंद करून गायब. काका एकच सांगत राहिले, "दलालाने नवं म्हणून दिलं, मी नवं म्हणून भरलं." साहेबांनी मग जाणकाराचं मत मागवलं. त्यांच्याकडच्या जाणकारांच्या यादीत पहिलं नाव तात्यांचं.

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. आपल्याच माणसाच्या हातात मामला आला म्हटल्यावर कुणालाही वाटेल. तात्या काही खोटं सांगणार नाहीत हे मला ठाऊक होतं. पण बरीचशी 'जुनी' भांडी नवीच निघतात हेही ठाऊक होतं. भांडं नवं निघालं की काका संध्याकाळी घरी. जुनं निघालं तर काय, याचा विचार मी रस्ताभर टाळला.

गोदामाला उंचावर खिडक्या आणि खाली पत्र्याचं टेबल. साहेब तरुण होते, नीट बोलणारे. त्यांनी भांडं टेबलावर ठेवलं आणि मी पाहतच राहिले. घंटेच्या घाटाचं, खाली रुंद, वर मूठभर लांबीची सरळ मान. अंगावर खसखशीच्या फुलांची झाडं, मानेवर बारीक वेल. सुंदर हा शब्द मी सहसा वापरत नाही, विकायला आलेला भाव वाढवतो म्हणून. ते भांडं सुंदर होतं.

तात्यांनी चांदीकडे पाहिलंच नाही. ते आधी उलटं करतात. बूड पाहिलं. नकली झिजवणारे कागदाने घासतात, मग चरे एका दिशेने पळतात. खरं भांडं वर्षानुवर्षं ठेवलं, ओढलं, सरकवलं जातं, त्याच्या बुडाचे चरे कसेही, कुठेही. इथे कसेही, कुठेही होते. मग आत नाक घातलं. तंबाखूचा जुना आंबूस वास, आणि पाणी जिथवर उभं राहत असेल तिथवर क्षाराची पांढरट रेघ.

"काळा रंग बराच गडद आहे की हो," साहेब म्हणाले. "मला तर सांगितलं होतं, जुना रंग फिका पडतो."

"रंगावर जाऊ नका," तात्या म्हणाले. "पूर्वीही फिका पडला की परत काळं करून घ्यायचे. नवसागर आणि जुन्या भिंतीची माती कालवून चोळली की जस्त काळं होतं, चांदीला काही होत नाही. आजोबांच्या भांड्याला नातवाने चढवलेला रंग असतो. चरे बघा." त्यांनी भिंग दिलं. "हा चरा चांदीवरून काळ्यात उतरतो. काळ्यातला भाग आतून करडा असला, तर चरा रंगानंतरचा. हा आतूनही काळा आहे. म्हणजे आधी चरा, मग रंग. हा दुसरा आतून करडा, तो नंतरचा. म्हणजे भांडं वापरलं, रंगवलं, परत वापरलं."

साहेब मान डोलवत लिहीत होते. काही ठिकाणी चांदीची पाकळी निघून गेली होती, नुसता खळगा राहिला होता. नुकती उपटलेली असेल तर खळग्याची धार बोटाला लागते. इथे धार गोलावलेली आणि तळाशी मळ असा घट्ट की टाचणीने निघेना. एकही पुरावा खुपत नव्हता.

मग तात्या मानेकडे आले.

चांदीची खरी झीज तिथे कळते, कारण हात तिथे पडतो. भांडं उचलायचं ते मानेला धरून. पुसायचं ते मान मुठीत धरून फिरवत. मानेवरची वेल झिजली होती, चांदी पातळ होऊन कडा काळ्यात विरघळल्यासारख्या. वर एक पट्टा झिजलेला. खाली एक रुंद पट्टा झिजलेला. आणि दोन्हींच्या मध्ये, मानेला वळसा घालून, बोटाएवढ्या रुंदीची चांदी जशीच्या तशी. भरलेली, उभ्या कडांची.

तात्यांनी मान मुठीत धरली. सैल. मग त्यांनी आपलं मधलं बोट आत दुमडून घेतलं आणि उरलेली बोटं परत मानेवर टेकवली. पहिलं बोट वरच्या पट्ट्यावर बसलं. शेवटची दोन खालच्या.

क्षणभरच. मग हात काढून घेतला आणि रुमालाला पुसला.

"ही मधली चांदी अशी कशी राहिली?" साहेबांनी विचारलं. हुशार माणूस. त्यांनाही दिसलं होतं.

"इथे दोरा बांधलेला असायचा," तात्या म्हणाले. "नळी लटकवायला. दोऱ्याखालची चांदी झिजत नाही."

मी जन्मापासून या भांड्यांत वाढले. शेकडो हाताळली असतील. मानेला दोरा बांधतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"मग काय लिहू?"

"जुनं," तात्या म्हणाले. त्यांना एरवी वेळ लागतो. त्या दिवशी लागला नाही.

बाहेर पडताना साहेबांनी आम्हाला काकांना भेटू दिलं. जाळीच्या दाराआड बाकावर बसले होते, छाती भात्यासारखी हलत होती. दम्याचा पंप काढून घेतलेला. मागितला की देतात म्हणे. तात्यांना पाहून उठायला गेले.

"बस रे, पेट्या," तात्या म्हणाले.

"बघितलंस?"

"बघितलं."

"काय निघालं?"

"जुनं."

मला वाटलं आता ओरडतील, शिव्या घालतील. त्यांनी मान हलवली. "मग जुनंच असणार. तू म्हणालास म्हणजे विषय संपला. त्या हलकट दलालाने मला बनवलं. मी म्हणत होतो नवं, नवं. मला काय कळतंय त्यातलं." मग मला म्हणाले, "पोरी, शेडला कुलूप लाव. खिडकीतलं तबक तुमच्याकडे ने. नाहीतर उचलून नेईल कोणीतरी, जुनं आहे ते."

मी तिथून तशीच निघाले. तात्या मागून आले. रिक्षात मला त्यांच्या हाताकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं.

दादा दुकानाच्या दारातच उभा होता. मागची खोली सोडून तो पुढे कधी येत नाही. "काय म्हणाले तात्या?" त्याने मला विचारलं. तात्या सरळ आत, घराकडच्या जिन्याने वर गेले.

"जुनं म्हणाले."

दादाच्या तोंडावर जे आलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरायची नाही. पन्नाशीचा माणूस, पण शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा उजळला. त्याने तोंड फिरवलं, पण कानापर्यंत हसू पसरलेलं मला दिसलं.

"बुडापासून बघितलं?" त्याने विचारलं.

"बुडापासून."

"आतलं? खळगे? भिंग लावून?"

"सगळं."

"आणि जुनं म्हणाले." तो स्टुलावर बसला. चार बोटांचा तो हात त्याने मांडीवर पालथा ठेवला.

"तूच केलंस ना ते?" मी विचारलं.

त्याने नाही म्हटलं नाही. उलट सांगायलाच लागला. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. ओतकाम त्याचं, नक्षी त्याची, चांदी त्याची. झिजवायला त्याने कागद वापरला नाही, आम्ल वापरलं नाही. गाळलेली राख आणि तेल बोटांना लावून रोज संध्याकाळी रेडिओ ऐकत भांडं मांडीवर घेऊन बसायचं, मान मुठीत धरून फिरवायची. वर्षानुवर्षं. आत पाणी आणि तंबाखू घालून ठेवायची, मधेच रंग उतरवायचा, चरे पाडायचे, परत काळं करायचं. "यात खोटं काय आहे गं?" तो म्हणाला. "हातानेच झिजलंय. फक्त एकाच माणसाच्या."

"आणि दलालाला कशाला दिलंस?"

"दिलं. त्याने जुनं म्हणून घेतलं. पुढे तो कागदावर नवं लिहील आणि पेटीकाकांच्या गळ्यात घालील, हे मला काय माहीत?" त्याचा चेहरा थोडा पडला, पण थोडाच. "काकांना सोडवू आपण. वकील देऊ. पण तू बघ ना, तात्यांनी जुनं म्हटलं! मी केलेलं भांडं हातात घेऊन तात्या फसले!"

माझा संयम तिथे सुटला. एक माणूस जाळीआड श्वास मोजतोय, आणि हा आपली पाठ थोपटून घेतोय. मी गप्प बसणाऱ्यातली नाहीच.

"तात्या फसले नाहीत," मी म्हटलं. "साहेबांनी विचारलं मानेवर मधेच चांदी कशी राहिली. तात्या म्हणाले तिथे दोरा बांधायचे."

"दोरा?" दादा म्हणाला. "कसला दोरा?"

"नळी लटकवायचा."

"असा दोरा कोणी बांधत नाही."

"हो ना. त्याआधी त्यांनी मान मुठीत धरली. मधलं बोट दुमडून." मी माझा हात त्याच्यापुढे धरला आणि करून दाखवलं.

दादा माझ्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःचा हात उचलून पाहिला, बोटं पसरून, मधे जिथे काही नाही तिथे. इतकी वर्षं सगळं सांभाळलं त्याने, बूड, खळगे, चऱ्याच्या आतला रंग. हे एक त्याच्या ध्यानात आलं नाही, कारण स्वतःचा हात माणसाला रोजचाच असतो. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. मला त्याची इतकी दया आली की रागही नीट येईना.

"म्हणजे त्यांनी ओळखलं," तो म्हणाला.

"बघताक्षणी."

"आणि तरी..."

"तरी."

तो उठून मागे गेला. हातोडीचा आवाज नाही, काही नाही. मी जिना चढून वर गेले.

तात्या खुर्चीत बसले होते, चष्मा काढून. मी सरळ विचारलं, "का केलंत?"

"मला जुनं दिसलं."

"तात्या, मी शेजारी उभी होते."

त्यांनी चष्मा परत चढवला. "नवं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न काय आला असता? कोणी केलं? असं काम करणारा हात किती जणांना आहे? साहेब चार दिवसांत आपल्या मागच्या खोलीत आला असता."

"जमत नाही म्हणायचं. डोळे गेले म्हणायचं. दुसऱ्याला बोलवा म्हणायचं. घरी यायचं!"

"दुसऱ्याने तो हात ओळखला असता तर?"

"आणि काका?"

"पेट्याच्या मागे कोण आहे?" तात्या म्हणाले. "ना बायको, ना पोर. थोडे दिवस आत काढील. वकील देऊ. हा माझा पोटचा आहे. ते हात मी धरून शिकवलेत."

मागे कोणी नाही म्हणून. हे कारण! त्या माणसाच्या मागे जे कोणी होतं ते तात्याच होते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मग तू जाऊन सांग." खरं तर मी जाणारच होते, चपला पायातच होत्या. पण खाली आले तर मागची खोली रिकामी. दादाच्या कपाटाचं दार उघडं होतं आणि वरच्या फळीवर कापडात बांधून ठेवलेलं जे एक गाठोडं असायचं ते नव्हतं.

मी गोदामात पोचले तेव्हा दादा साहेबांच्या टेबलापुढे बसलेला होता. समोर दोन भांडी. एक ते, आणि दुसरं तसल्याच घाटाचं, त्याच मापाचं, तीच खसखशीची झाडं असलेलं. पण करडं, रंग न दिलेलं, अर्ध्या फुलांत चांदी आणि अर्ध्यांत नुसते छिन्नीचे खळगे. ओतताना बुडाला भोक पडलं म्हणून सोडून दिलेला पहिला प्रयत्न. दादा साहेबांना खळगे दाखवत होता: धार अशी असते, मग तिला असं मारतात. अगदी शिकवल्यासारखं. शेवटी त्याने काळ्या भांड्याची मान मुठीत धरली. साहेबांनी वाकून पाहिलं. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांखाली झीज तंतोतंत बसली, आणि मधली चांदी बोटांच्या फटीतून चमकत राहिली.

"दोरा?" साहेब म्हणाले.

"दोरा नव्हता," दादा म्हणाला.

"तुमच्या वडिलांच्या लक्षात आलं नाही?"

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. "म्हातारे झालेत ते," तो म्हणाला. "दिसत नाही नीट."

हे त्याने का केलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. काकांसाठी केलं म्हणावं तर काकांचा विषय निघाला तेव्हा तो वकिलाची भाषा करत होता. मला वाटतं, तात्यांनी आपल्याला पाठीशी घातलं हे त्याला सोसवलं नाही. काम तात्यांना फसवून गेलं असतं तर तो खुशाल गप्प बसला असता, काकांचं काहीही होवो. एवढंही कळतं मला माझ्या भावाबद्दल, आणि तरी तो आज तुरुंगात आहे म्हणून मला अन्न गोड लागत नाही.

लगेच कोणी सुटलं नाही. भांडं प्रयोगशाळेत गेलं. जुन्या जस्तात जी शिशाबिशाची भेसळ सापडते ती यात नाही, जस्त आजच्या कारखान्यातलं आहे, असं तिथून कळलं. तेवढ्यात दलालही सापडला. दादा फसवणुकीसाठी आत गेला. काकांना सोडलं, पण तोवर पावसाळी हवेत त्या बाकावर त्यांचा दमा छातीत घर करून बसला होता. इस्पितळातून आले ते निम्मे होऊन. पेट्या भरायचा परवाना गेला तो गेलाच. शेड विकायला काढली.

आम्ही दोघं दुकान उघडत होतो, सवयीने. विचारायला कोणी येत नव्हतं. तात्या टेबलाशी बसायचे, समोर भिंग, भिंगाखाली काही नाही.

एका दुपारी काका आले. काठी टेकत, दर चार पावलांना थांबत. मी धावत जाऊन खुर्ची दिली, पाणी दिलं. ते तात्यांच्या समोर बसले, जिथे गिऱ्हाईक बसतं तिथे.

"माझं तबक दे गं पोरी," ते म्हणाले.

मी कपाटातून काढून दिलं. त्यांनी ते पुसलं नाही. तात्यांच्या पुढ्यात ठेवलं.

मला कळलं काय होणार ते. मी मधे पडले. "काका, तात्यांचे डोळे गेलेत हो आता. त्या दिवशीही त्यांना धड दिसत नव्हतं. चूक झाली त्यांच्याकडून." मला खोटं बोलायची सवय नाही, तरी बऱ्यापैकी जमलं.

काका हसले. हसताना त्यांना धाप लागली. "सगळे हेच सांगतात. साहेब म्हणाले, वय झालंय. नर्स म्हणाली, माणूस आहे, चुकायचाच. पोरी, मी आत बसून कितीदा स्वतःला समजावलं असेल की मीच जुनं भांडं भरलं. का? तर तात्या म्हणाला. त्याची नजर चुकत नाही. म्हणून तर विचारायला आलोय."

मग ते तात्यांकडे वळले. "हे बघ आणि सांग. जुनं की नवं?"

तात्यांनी तबक उचललं. सवयीने आधी उलटं केलं. भिंग लावलं. ते घाई करत नव्हते. एकेक कड, एकेक पान. मीही बघत होते. कडेची चांदी सगळीकडून झिजलेली, कुठे जास्त, कुठे कमी, कितीतरी वेगवेगळ्या हातांनी, अंगठे निरनिराळ्या जागी पडलेले. वेलीची तार दोन ठिकाणी तुटून खळगे मळाने भरलेले. मधोमध काळा रंग करडा पडून एक गोल उमटला होता, तो काकांच्या पेल्याचा. बाकीचं सगळं त्यांच्या आधीचं, तात्यांच्या आधीचं. यात तिळमात्र शंका नव्हती. आमच्या दुकानातून गेलेल्या वस्तूंपैकी ती एक अस्सल होती, आणि तात्यांनी ती फुकट दिली होती.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलं नाही. वेळ लागला त्यांना, पूर्वी लागायचा तेवढा.

"जुनं आहे, पेट्या," ते म्हणाले. "देवाशपथ जुनं आहे."

"तिथेही हेच म्हणाला होतास," काका म्हणाले.

ते काठीवर जोर देऊन उठले. मी तबक त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी घेतलं नाही. "ठेव तिथेच," म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही." दारापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ तात्या तबक दोन्ही हातांत धरून बसले होते.